कूलर, काकू आणि तीन फ्रेमा: एका जाहिरातीची स्क्रिप्ट परत लिहावी लागली त्याचं प्रकरण

मार्च लागला की नागपुरात कूलर उतरवायचे, टप घासायचा, बाजूच्या गवताच्या ताट्या बदलायच्या, पंप चालतो का पाहायचा, हे घरोघरी सुरू होतं, आणि त्याच्या आधी महिनाभर कूलर बनवणाऱ्यांना जाहिराती हव्या असतात. असंच एक काम माझ्याकडे आलं. चाळीस सेकंदांची फिल्म, दुकानातल्या टीव्हीवर आणि यूट्यूबवर आडवी चालणार, आणि मालक जाता जाता म्हणाले, "त्याचंच उभं आणि चौकोनीपण काढून द्या ना, रील टाकू अन् फेसबुकवर टाकू." मी हो म्हटलं. त्या "काढून द्या"मधे पुढचे बारा दिवस गेले.

आधी स्क्रिप्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. संध्याकाळ, अंगण, खुर्च्यांवर काका आणि जावई बसलेले. मागे खिडकीत स्टँडवर जुना लोखंडी कूलर. काका फुशारकी मारताहेत, "वीस वर्षं झाली जवाईबापू या कूलरले, पण एक दिवस तरास नाही दिला त्यानं कोणाले." आणि हे चालू असताना मागून काकू डावीकडच्या नळावरून बादली भरून उजवीकडच्या कूलरपर्यंत नेते, ओतते, परत जाते, परत येते. तिसऱ्या खेपेला बादली आपटते आणि म्हणते, "तरास त्याले नाही, मले होऊन राहिला!" मग मोठ्या टाकीचा नवा कूलर, पत्ता, फोन नंबर. संपलं.

आडव्यात हे मस्त जमलं. काका बोलताना मागे काकू जाताना दिसते, पाहणारा हसायला लागतो आणि काकाला पत्ताच नाही, सगळी गंमत त्यातच आहे. दोन गोष्टी एकाच फ्रेममधे एकाच वेळी दिसल्या तरच हा विनोद होतो, नाहीतर एक म्हातारा बोलतोय आणि एक बाई पाणी भरतेय एवढंच उरतं.

मग मी "काढायला" बसलो. शूट ४के म्हणजे ३८४० बाय २१६० होतं, त्यातून ९:१६ ची उभी पट्टी कापली तर रुंदी १२१५ पिक्सेल मिळते, रीलला १०८० लागते, म्हणजे क्वालिटीचा प्रश्न नव्हता. पण १२१५ म्हणजे मूळ रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. काकूला नळापासून कूलरपर्यंत जायला चार सेकंद लागत होते, उभ्या पट्टीत ती सव्वा सेकंद दिसली आणि गेली. म्हटलं कीफ्रेम लावून फ्रेम तिच्यामागे सरकवू, तर काका अर्धे कापले जायला लागले आणि बोलणं त्यांचं चालू. परत काकांवर आलो तर काकू गेली. बॅडमिंटनची मॅच पाहिल्यासारखं झालं ते. शेवटी काका, काकू, काका, काकू असे कट मारले, पण मग काकू "दिसते" राहिलीच नाही, ती "दाखवली" जायला लागली. विनोद मेला. मलाही कळत होतं, पण डेडलाइन होती, म्हणून तेच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन. विनोदाचं काही बोललेच नाहीत, म्हणाले, "अरे भाऊ, नंबर पूर्ण दिसून नाही राहिला ना. शेवटचे तीन आकडे दिलावर गेले." दिलावर म्हणजे लाइकच्या बटणावर. आडव्यात पत्ता आणि नंबर खाली उजव्या कोपऱ्यात होते, मी उभ्यात पण खालीच उजवीकडे ठेवले, आणि रीलमधे नेमकी तिथेच लाइक, कमेंट, शेअरची रांग असते. खालची ओळ तर अकाउंटचं नाव आणि कॅप्शनच्या मागे पूर्ण गेली होती. एडिटच्या कॉम्प्युटरवर हे काहीच दिसत नाही, तिथे फ्रेम स्वच्छ असते, म्हणून ही चूक होते आणि होतच राहते.

इथून पुढे काम नीट सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

रील्सच्या जाहिरातीसाठी मेटाचंच सांगणं आहे की वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के यात मजकूर, लोगो असलं काही महत्त्वाचं ठेवू नका. हे टक्के सगळे वाचतात आणि विसरतात, कारण टक्क्यांवरून चित्र डोळ्यासमोर येत नाही. मी १०८० बाय १९२० च्या फ्रेमवर ते काढून पाहिले. वरून सुमारे २७० पिक्सेल गेले, खालून ६७२ गेले, बाजूंचे ६५-६५ गेले. उरलं किती, तर साधारण ९५० रुंद आणि ९७८ उंच. म्हणजे जवळजवळ चौकोन! उभ्या फ्रेमच्या पोटात एक चौकोन बसलेला आहे आणि तोच खरा आपला, बाकी वर खाली नुसतं अंगण. आणि तो चौकोन मधोमध पण नाही, वरच्या बाजूला सरकलेला आहे, कारण खालून जास्त जागा जाते.

हे कागदावर काढल्यावर माझ्या डोक्यातला क्रमच उलटा झाला. मी आडव्यातून चौकोन आणि चौकोनातून उभं असं कापत निघालो होतो. आडव्या शूटमधे उभी पट्टी ही चौकोनाचाच एक अरुंद तुकडा असते, उंची दोघांची तीच, २१६०. म्हणजे उभ्यात चेहरा पण तेवढाच मोठा आणि वर खाली श्वास घ्यायला जागा नाही. पण कॅमेराच नव्वद अंशात उभा लावला तर फ्रेम २१६० बाय ३८४० होते, आणि मग चौकोन हा उभ्याचा तुकडा होतो, तो पण नेमका त्या सुरक्षित भागाभोवतीचा. उभं आणि चौकोनी ही सख्खी भावंडं आहेत, आडवं चुलत. त्यामुळे ठरलं असं की आडवं आहे तसं राहू दे, आणि उभं-चौकोनी मिळून एकच वेगळं शूट करायचं, अर्ध्या दिवसाचं, त्याच अंगणात. (ज्यांच्या कॅमेऱ्यात ओपन गेट आहे, म्हणजे सेन्सरची पूर्ण उंची रेकॉर्ड होते, त्यांना हा त्रास कमी होतो, पण आमच्या भाड्याच्या कॅमेऱ्यात ते नव्हतं. आणि असतं तरी काकूची बादली डावीकडून उजवीकडेच गेली असती.)

मालकांना अर्ध्या दिवसाचा खर्च पटवायला मी भाषण नाही दिलं. त्यांच्याच फोनवर त्यांचीच रील लावली आणि विचारलं यात हसायचं कशावर ते सांगा. त्यांना सांगता येईना.

आता स्क्रिप्ट. पहिली गोष्ट केली ती जावयाला फ्रेमबाहेर काढलं. तीन चेहरे ९५० पिक्सेलमधे बसवले तर प्रत्येक चेहरा पासपोर्ट फोटोएवढा होतो, आणि फोनवर तर अजून लहान. मग काका थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलतील, म्हणजे रील पाहणाराच जावई. हे करताना एक छोटी अडचण आली. मूळ वाक्यात "जवाईबापू" मधेच येत होतं, ते तिथून काढलं तर नातं कळत नाही आणि ठेवलं तर वाक्य लांबतं. म्हणून पहिल्याच सेकंदाला काकांना "या जवाईबापू, बसा" एवढं दिलं, हात कॅमेऱ्याकडे करून. जागेचा आणि नात्याचा प्रश्न तिथेच मिटला.

दुसरी गोष्ट, काकूची चाल. आडव्यात ती फ्रेमच्या रुंदीत चालत होती, उभ्यात रुंदीच नाही, पण खोली भरपूर आहे. म्हणून नळ घराच्या मागच्या बाजूला आहे असं धरलं, काकू मागच्या दारातून निघते, काकांच्या खांद्यामागून कॅमेऱ्याच्या दिशेने येते, येताना मोठी मोठी होत जाते, आणि कूलर आता बरोबर काकांच्या पाठीमागे. मूळ स्क्रिप्टमधे लिहिलं होतं "मागून काकू बादली घेऊन जाते". नव्या स्क्रिप्टमधे लिहिलं "काकू दारातून येते, काकांच्या डोक्यावरून दिसेल अशी बादली उचलते, ओतते". जाते आणि येते, एवढाच फरक म्हणा, पण "येते"मुळे ती पूर्ण चार सेकंद फ्रेममधे राहिली आणि बादली ओतताना वर उचलली जाते म्हणून ती काकांच्या मागे लपली नाही.

तिचा चेहरा आणि काकांचा चेहरा एकावर एक कसे बसतील हे शूटच्या आधी आखून घेतलं. काका खुर्चीत बसलेले म्हणून खाली, काकू उभी म्हणून वर. १९२० च्या उंचीत वरून मोजलं तर काकूचा चेहरा साधारण ३०० ते ५०० च्या मधे, काकांचा ५६० ते ९००, आणि त्यांच्या हनुवटीखाली छातीवर सबटायटल १०४० ते १२३०. सुरक्षित भाग २७० ला सुरू होतो आणि १२४८ ला संपतो, म्हणजे सगळं आत. कागदावर हे फार सोपं वाटतं. शूटच्या दिवशी काकूचं काम करणाऱ्या ताई कॅमेऱ्याजवळ आल्या की डोकं वर २०० पर्यंत जायचं, फ्रेममधे छान दिसायचं पण सुरक्षित भागाच्या बाहेर. कॅमेरावाल्या मित्राने मॉनिटरवर बारीक इन्सुलेशन टेपच्या दोन पट्ट्या लावल्या, एक वर एक खाली, आणि अंगणात खडूने रेघ मारली की ताई याच्या पुढे यायचं नाही. मॉनिटरच्या मेनूत मार्कर असतात, ९:१६ चे, १:१ चे, पण खालचे ३५ आणि वरचे १४ असे वेगवेगळे देता येतील असं आमच्याकडच्या मॉनिटरमधे नव्हतं. टेपचं काम टेपनेच होतं.

चौकोन काढताना माझी एक चूक होता होता राहिली. सवयीने मधोमध कापला, तर काकूचं कपाळ गेलं आणि खाली काकांचे गुडघे आले. सुरक्षित भागच वर सरकलेला आहे तर चौकोन पण वर सरकवायला हवा. १९२० मधे तो २२० पासून १३०० पर्यंत घेतला, म्हणजे मधल्यापेक्षा २०० पिक्सेल वर. मग वरून ५० आणि खालून ५० असा समान काठ उरला आणि सबटायटलची जागा दोन्हीकडे तीच चालली, वेगळी मांडणी करावी लागली नाही. हा आकडा आता मी प्रोजेक्टच्या टेम्प्लेटमधेच टाकून ठेवला आहे.

सबटायटलवर थोडा वेळ थांबतो कारण तिथे मराठीचे स्वतःचे प्रश्न आहेत. फेसबुकच्या फीडमधे बरेच लोक आवाज बंद ठेवूनच पाहतात, तेव्हा चौकोनीमधे तर विनोद वाचूनच कळायला हवा. ६४ साइजला आमच्या फाँटमधे एका ओळीत अठरा-एकोणीस अक्षरं बसत होती. काकांचं मूळ वाक्य टाकलं तर चार ओळी झाल्या आणि वरची ओळ सरळ हनुवटीवर चढली. फाँट लहान केला तर फोनवर वाचता येईना. म्हणून वाक्यच कापलं: "वीस वर्षं झाली, / काही तरास नाही." दोन ओळी. "कोणाले" गेलं त्याचं मला वाईट वाटलं, कारण त्या "कोणाले"वरच काकूची बादली पडत होती, पण काकूच्या "मले"ने ते भागवलं. आडव्यात मात्र पूर्ण वाक्य ठेवलं, तिथे जागा आहे आणि वेळ पण आहे.

मग ओळींमधलं अंतर. इंग्रजीच्या सवयीने सॉफ्टवेअर जे अंतर देतं त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत किंवा रफारात घुसतो. आमच्याकडे नव्या कूलरच्या ओळीत हे झालं, वर "कूलर" आणि खाली "गर्मी", कू चा ऊकार आणि र्मी ची वेलांटी-रफार एकमेकांना चिकटून काहीतरी तिसरंच अक्षर दिसत होतं. अंतर फाँटच्या १.४५ पट केलं तेव्हा सुटलं. आणि सुरक्षित रेघ मोजताना शिरोरेघेपासून मोजायचं नाही, मात्रेच्या टोकापासून मोजायचं आणि खाली उकाराच्या टोकापर्यंत. बॉक्स जिथे दिसतो तिथेच अक्षर संपतं असं देवनागरीत नसतं. माझी खालची ओळ बॉक्सप्रमाणे आत होती पण "तू" चा ऊकार बाहेर, फोनवर तो अकाउंटच्या नावाला टेकत होता.

अजून एक, आवाज बंद असताना कोण बोलतंय ते कसं कळणार. आडव्यात सबटायटल बोलणाऱ्याच्या बाजूला सरकवता येतं. उभ्यात ते एकाच जागी, काकांच्या छातीवर, त्यामुळे काकूचं वाक्य पण काकाच बोलल्यासारखं वाटत होतं. माझ्या बायकोने पहिल्यांदा पाहिलं तर तिला तसंच वाटलं. दोन उपाय केले, काकूची ओळ पिवळी केली, आणि त्या वाक्याला काकूचा एकटीचा क्लोजअप घेतला. तोपर्यंत दोघं एकत्र दिसून झालेले असतात त्यामुळे तिथे कट आला तरी विनोद मरत नाही, उलट बसतो.

उभं शेवटी २० सेकंदांचं झालं, चौकोनी २८ चं, कारण त्यात फ्रेमबाहेरून जावयाची "मामाजी, नवीन पाहून या ना" ही ओळ ठेवली.

शेवटची पाटी तीनदा वेगळी बनवली. आडव्यात डावीकडे कूलर, उजवीकडे मजकूर. उभ्यात कूलर खाली, कारण कूलरच्या पायांवर बटणं आली तर काही बिघडत नाही, आणि नंबर त्याच्या वर सुरक्षित भागात. नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून दोन ओळींत लिहिला, मोठा. मग माझ्या फोनवर एका चालू रील जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढला, तो टाइमलाइनवर वरच्या ट्रॅकवर अर्धा पारदर्शक करून टाकला, आणि पूर्ण फिल्म त्याखालून चालवली. टक्के वगैरे सगळं ठीक आहे पण बटण प्रत्यक्ष नंबरवर येतं का हे या एका गोष्टीने जेवढं लगेच कळतं तेवढं कशानेच नाही. एक्स्पोर्टच्या आधी तो ट्रॅक बंद करायला विसरू नका. मी विसरलो होतो, सुदैवाने फाइल मलाच पाठवली होती.

आता जे नाही जमलं तेही सांगतो. पंप सुरू होऊन ताटीवरून पाणी झिरपतं तो स्लो मोशन शॉट. तो पहिल्या शूटमधे सेकंदाला १२० फ्रेमवर घेतला होता आणि त्या कॅमेऱ्यात १२० फ्रेम फक्त १०८०पी ला मिळतात. १९२० बाय १०८० मधून उभी पट्टी कापली तर रुंदी ६०८ पिक्सेल, ती १०८० ला ताणायची म्हणजे पावणेदोन पटीपेक्षा जास्त. पाण्याचे थेंब लोण्यासारखे दिसायला लागले. दुसऱ्या शूटला ताटी ओली करेपर्यंत ऊन गेलं. उभ्यात आणि चौकोनीत तो शॉटच नाही, त्याऐवजी बादली आपटण्याचा क्लोजअप दोनदा वापरला आहे, बारकाईने पाहिलं तर कळतं.

आणि ज्याला मी "आहे तसं राहू दे" म्हटलं होतं त्या आडव्यानेही शेवटी नाटक केलंच. मालकांनी दुकानातल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तर पत्त्याची खालची ओळ अर्धी कापलेली. टीव्ही ओव्हरस्कॅन करत होता, म्हणजे चित्र थोडं मोठं करून कडा खातो तसं. टीव्हीच्या ब्रॉडकास्टवाल्यांनी मजकुरासाठी चारही बाजूंनी ५ टक्के सोडायचे असा नियम ठेवलाय तो याच जुन्या त्रासामुळे, १९२० बाय १०८० मधे ते बाजूंना ९६ आणि वर खाली ५४ पिक्सेल होतात. मी ३० सोडले होते, कारण यूट्यूबवर कडा कोण खातं. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधे जाऊन साइज बदलला आणि दुसऱ्या दिवशी नवीन फाइल पण दिली, कारण सेटिंग कोणीतरी परत बदलणार हे नक्की.

चौकोनी फाइल मालकांच्या पुतण्याने उत्साहात यूट्यूबवरही टाकली, ती शॉर्ट्समधे जाऊन बसली. १५ ऑक्टोबर २०२४ नंतर टाकलेला तीन मिनिटांपर्यंतचा चौकोनी किंवा उभा व्हिडिओ यूट्यूब शॉर्टच धरतं, पुतण्याला वाटलं काहीतरी बिघडलं. तिथे खाली चॅनेलचं नाव आणि उजवीकडे बटणं येतातच, पण चौकोनाच्या वर खाली पट्टी असते म्हणून नंबर बचावला.

परवा मालकांचा परत फोन आला. वर्धा रोडवर एक एलईडी होर्डिंग मिळून राहिलंय म्हणे, लांबच लांब पट्टी आहे, "त्याच्यात पण काढून द्या ना." म्हटलं आधी त्याचे पिक्सेल किती बाय किती ते विचारून सांगा, आणि काकूच्या ताईंची तारीख घेऊन ठेवा.